केसरबाईंचा चार

पाटोद्याच्या बसस्टँडसमोर खत-बियाणांच्या दुकानावर एका संस्थेच्या दोन खोल्या आहेत. जिना बाहेरून, लोखंडी. त्या जिन्यानं आम्रपाली गेली सहा-सात वर्षं रोज चढत-उतरत होती, आणि अलीकडे वर पोचली की आधी दाराला टेकून उभी राहायची, मग कुलूप काढायची. वय काही फार नव्हतं, पस्तिशीच्या आतलंच. पण दिवसभर बसून काम करणाऱ्या माणसाचा थकवा वेगळा असतो. तो पायात नसतो. मानेत आणि डोळ्यांत असतो.

तिचं माहेर नेकनूरच्या पलीकडचं. वडील कारभारी गवंडीकाम करायचे. पोरीनं शिकावं एवढा एकच हट्ट त्यांनी आयुष्यात धरला. आम्रपाली बी.ए. झाली, टायपिंग शिकली, लग्नानंतर पाटोद्यात आली आणि एका ई-सेवा दुकानात लोकांचे अर्ज भरायला लागली. जन्माचे दाखले, रेशनकार्डं, शाळेचे प्रवेश. लोक चुरगळलेले कागद पुढं करायचे आणि ती त्यावरचं अक्षर लावून टाइप करायची. तिथूनच ती या संस्थेत आली. नवरा नवनाथ गेवराईकडं वीज कंपनीच्या ठेकेदाराकडं लाइनवर होता, रविवारी यायचा. मुलगी यशोधरा सातवीत. घरी तिघींचा संसार, तिसरी सासू. सासूचे गुडघे गेले होते, त्यामुळं स्वयंपाक, पाणी, शाळेचा डबा सगळं उरकून आम्रपाली कार्यालयात यायची. खरं तर तिला बसायला मिळायचं ते इथंच.

संस्था गावोगाव तपासणी शिबिरं भरवायची. पावसाळा सरला की या भागातली माणसं पोटापाण्यासाठी बाहेर पडतात, कुणी उसावर, कुणी मेंढरं घेऊन. ती बाहेर पडायच्या आत बायकांचं वजन, रक्तदाब आणि रक्त तपासायचं, आणि जिचं रक्त फार कमी असेल तिला दवाखान्यात पोचवायचं, एवढं साधं काम. बोट टोचून थेंबभर रक्त यंत्रात घालायचं, तंत्रज्ञ आकडा सांगणार आणि शेजारी बसलेली गावची आशाताई तो फॉर्मवर लिहिणार. संध्याकाळी त्या सगळ्या फॉर्मचे मोबाइलवर फोटो काढायचे आणि पाटोद्याला पाठवायचे. त्यातून यादी निघायची. हिमोग्लोबिन सातच्या खाली असलेल्या बायकांची नावं लाल रंगात वर यायची आणि त्यांच्या घरी फोन जायचा, फार अवघड असेल तर संस्थेची गाडीही.

पूर्वी आम्रपाली ते सगळे आकडे हातानं भरायची. यादी निघायला दहा-बारा दिवस लागायचे आणि तोवर अर्धी माणसं गाव सोडून गेलेली असायची. यावर उपाय म्हणून मागच्या वर्षापासून फोटो वाचायचं काम एआयकडं दिलं होतं. सत्यम नावाचा बीडचा पोरगा इंजिनिअर होऊन आला होता, त्यानं ते बसवलं. फॉर्मचा फोटो त्या एआयच्या मॉडेलला द्यायचा, ते नाव, गाव, वय, मोबाइल, वजन, रक्त असं सगळं वाचून तक्त्यात भरायचं. आम्रपालीनं पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा तिचा विश्वास बसला नव्हता. ज्या अक्षरांपुढं ती स्वतः भिंग घेऊन बसायची ती अक्षरं ते यंत्र क्षणात लावत होतं.

चुका व्हायच्या, नाही असं नाही. आशाताई आकडे मराठीत लिहायच्या, तंत्रज्ञ कधी इंग्रजीत, तर काही फॉर्मवर दोन्ही एकत्र. मोठ्या डोक्याचा मराठी एक इंग्रजी नऊसारखा दिसतो. त्यामुळं दहा पूर्णांक आठ हिमोग्लोबिन असलेली बाई तक्त्यात नव्वद पूर्णांक आठवर जायची. असलं काही आलं की ती ओळ पिवळी व्हायची, कारण सत्यमनं प्रत्येक रकान्याला हद्द घालून दिली होती. हिमोग्लोबिन अमुकच्या वर नाही, वजन तमुकच्या खाली नाही. आम्रपालीनं पिवळी ओळ उघडायची, डाव्या हाताला फोटो, उजव्या हाताला वाचलेले आकडे, ताडून पाहायचे, दुरुस्त करायचं आणि "तपासलं" या बटणावर टिचकी मारायची. बाकीच्या पांढऱ्या ओळींवरूनही नजर फिरवून तेच बटण दाबायचं असा नियम होता. शिबिरांच्या हंगामात दिवसाला तीन-तीनशे फॉर्म यायचे. नजर फिरायची, पण बघायची किती हे तिलाच ठाऊक. दुपारी तीननंतर पांढऱ्या ओळी तिला नुसत्या पांढऱ्या दिसायच्या.

संस्थेच्या डॉक्टर ऋतुजा मॅडम अधूनमधून म्हणायच्या, की पिवळी ओळ चुकीची असते तशी पांढरीही असू शकते. आम्रपाली मान हलवायची. पटत होतंच तिला. पटण्यानं डोळे काही ताजे होत नाहीत.

त्या वर्षी दिवाळीनंतर नेकनूरकडच्या एका गावात शिबिर झालं. तारीख चौदा. फॉर्म तीन आशाताईंनी मिळून लिहिले होते, त्यातल्या केसरबाई सगळ्यांत जुन्या. आम्रपाली त्यांना माहेरच्या नात्यानं केसरमावशी म्हणायची. फॉर्म आले, वाचून झाले, आम्रपालीनं पिवळ्या ओळी काढल्या, यादी निघाली. यादीत दोनच नावं लाल होती. दोघींना फोन गेले, दोघी दवाखान्यात जाऊन आल्या. त्या गावाचं काम संपलं म्हणून सगळ्यांनी पुढच्या गावाची तयारी धरली.

आठवडाभरानं सत्यम महिन्याचा अहवाल जुळवत होता. त्यात शिबिराची तारीख आणि त्या दिवशीच्या फॉर्मची संख्या यांचा मेळ बसेना. चौदा तारखेचे फॉर्म कमी भरत होते आणि अठरा तारखेला, ज्या दिवशी कुठंच शिबिर नव्हतं, त्या तारखेला भरपूर फॉर्म दिसत होते. त्यानं आम्रपालीला हाक मारली. बहुतेक एका आशाताईनं तारीख चुकून टाकलीये, तेवढी एकदम बदलून घ्या, असं तो म्हणाला आणि फोन आला म्हणून बाहेर गेला.

एकदम बदलून टाकायला अर्धं मिनिट लागलं असतं. आम्रपालीनं तरी एक फॉर्म उघडला, कारण केसरमावशी तारीख चुकणाऱ्यातल्या नव्हत्या. फोटो मोठा केला. तारखेच्या जागी एक होता आणि त्याच्या पुढं इंग्रजी आठ. दुसरा फॉर्म उघडला, तसाच. मग ती तारीख सोडून त्याच फॉर्मवरचे बाकीचे आकडे बघायला लागली, आणि पत्त्यातल्या घर क्रमांकात तिला मराठी आठ दिसला. डावीकडून खाली उतरणारा, उघडा, स्वच्छ आठ.

एकच बाई एकाच कागदावर आठ दोन तऱ्हांनी कशाला लिहील?

तिनं फोटो आणखी मोठा केला. तारखेतला तो आठ नव्हताच. तो मराठी चार होता. केसरमावशी चाराची वरची दोन शिंगं हात न उचलता ओढायच्या, ती टोकाला एकमेकींना चिकटायची, आणि चाराचा आठ व्हायचा. हुबेहूब इंग्रजी आठ. मॉडेलनं मराठी आठ आठच वाचला होता आणि मराठी चारही आठच वाचला होता. तारखेतला एक मात्र त्यानं नऊ केला नव्हता, कारण अठ्ठ्याण्णव तारीख नसते, तेवढा अंदाज त्याला होता. अठरा तारीख असते. म्हणून ती गेली, आणि कुठलीच ओळ पिवळी झाली नाही.

तारखेचं काही नव्हतं. याच हातानं रक्ताचे आकडे लिहिले होते.

सत्यम परत आला तेव्हा ती केसरबाईंच्या फॉर्मची वेगळी यादी काढून बसली होती. त्याला दाखवलं. तो खुर्ची ओढून शेजारी बसला आणि तेच फोटो मॉडेलला पुन्हा वाचायला दिले, नवीन, आधीचं काही न सांगता. पुन्हा अठरा. आकड्याबद्दल खात्री आहे का असं विचारून पाहिलं, तर हो, स्पष्ट दिसतंय, असं उत्तर आलं.

"दोनदा तेच सांगितलं म्हणजे बरोबर असं नाही, ताई," सत्यम म्हणाला. "त्याला ते आठासारखं दिसतंय. शंभरदा विचारलं तरी आठच दिसणार."

"मग तक्त्यातून काही कळायचं नाही," आम्रपाली म्हणाली. "एकेक फोटोच बघायला लागंल."

दशांशानंतरच्या आठाचं विशेष काही नव्हतं. दहा पूर्णांक आठच्या जागी दहा पूर्णांक चार झालं तर त्यानं कुणाचा जीव जात नव्हता. पहिलाच आकडा आठ असलेले फॉर्म शोधायचे होते. केसरबाईंच्या गठ्ठ्यात तसे चार निघाले. एकात खरा मराठी आठ होता. दुसऱ्यातही. तिसऱ्यात यंत्रवाल्या तंत्रज्ञानं स्वतः इंग्रजीत लिहिलं होतं, तेही खरं. चौथ्या फॉर्मवर तक्ता म्हणत होता आठ पूर्णांक दोन. नाव अंजू बजरंग, वय बावीस, सातवा महिना. आम्रपालीनं फोटो मोठा केला आणि तो आठ तिच्याकडं बघत राहिला. वरच्या टोकाला शाईचा बारीक ठिपका होता, दोन शिंगं जिथं चिकटली तिथला.

चार पूर्णांक दोन.

त्या ओळीच्या शेवटी "तपासलं" असं होतं आणि त्यापुढं आम्रपालीचं स्वतःचं नाव.

ऋतुजा मॅडमना फोन लावला. त्यांनी दोनच प्रश्न विचारले, महिना कितवा आणि बाई कुठं आहे. पाचच्या खाली असेल तर गोळ्या-इंजेक्शनचं काम नाही, बाई कितीही चालती-फिरती दिसली तरी आजच्या आज भरती करून रक्त द्यावं लागेल, बाळंतपणापर्यंत थांबून चालणार नाही, असं त्या म्हणाल्या. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर आम्रपालीला बरं वाटलं असतं.

तक्त्यातला मोबाइल नंबर लावला. लातूरचा कुणी दुकानदार बोलला. बजरंग नावाचं इथं कुणी नाही म्हणाला. आम्रपालीनं फोन ठेवला आणि मग तिच्या लक्षात आलं, की नंबरही त्याच हातानं लिहिला आहे. फोटोत पाहून दोन ठिकाणचे आठ चार केले. तिसरा खराच आठ होता, तो तसाच ठेवला. या वेळी बाईचा यांत्रिक आवाज आला, की आपण ज्याच्याशी संपर्क करू इच्छिता तो फोन बंद आहे. नंबर बरोबर होता की नाही हेही त्यातून कळेना.

शेवटी केसरबाईंनाच फोन केला. त्या शेतात होत्या, दम लागला होता. अंजूचं नाव काढताच त्यांना आठवलं.

"मेंढरावाल्याची सून. सिदूआबाची. तिचं रक्त चार आलतं, मला याद हाय की. मी तिच्या नवऱ्याला तवाच सांगितलं व्हतं, दवाखान्यात ने म्हनून. तो म्हनला, मेंढरं हालवून मंग जातो." मग त्या म्हणाल्या, "तुमच्याकडून गाडी यील असं वाटलं मला. दरसाल येती. कावून न्हाई आली?"

आम्रपालीनं सांगितलं. फोटो, मॉडेल, चार आणि आठ. केसरबाईंना किती कळलं कोण जाणे. त्या म्हणाल्या, "माझा चार तर असाच हाय. शाळंत असल्यापसून." त्यात ना तक्रार होती ना माफी. घरचं माणूस लंगडत चालतं हे सांगावं तसं त्यांनी ते सांगितलं.

बजरंगची मंडळी मेंढरं घेऊन गेवराईच्या अंगाला, गोदावरीकडं गेली होती. कापूस निघालेल्या रानात शेतकरी मेंढरं बसवून घेतात. लेंडीखत मिळतं, मेंढपाळाला धान्य मिळतं. दोन-चार दिवस एका रानात, मग पुढच्या. त्यामुळं नेमकं ठिकाण कुणालाच सांगता येईना. केसरबाई म्हणाल्या, मी येते बरोबर, मला ती ओळखते, तुम्ही परक्या लोकांनी सांगून ती उठायची नाही.

संस्थेची जीप घेऊन आम्रपाली निघाली. सासूला फोन करून सांगितलं की यायला उशीर होईल, भाकरी टोपल्यात आहेत. मांजरसुंब्याच्या फाट्यावर केसरबाई पदर डोक्यावर घेऊन उभ्या होत्या, नेकनूरहून एसटीनं आल्या होत्या. जीपमध्ये बसल्यावर त्यांनी कुंची उलगडावी तशी हळूच पिशवी उघडली आणि शेंगदाणे पुढं केले. दोघींनी बीड येईपर्यंत तेच खाल्ले. केसरबाईंचे पाय सुजलेले होते. सकाळी पोलिओचं काम, दुपारी शेत, आणि आता हे.

गेवराईच्या पुढं रस्त्यालगतच्या चहाच्या टपऱ्यांवर विचारत गेल्या. वाळूचे ट्रक धूळ उडवत जायचे आणि टपरीवाला तोंडावर फडकं धरून उत्तर द्यायचा. एकानं उजवीकडं सांगितलं, तिथं दुसरीच मंडळी निघाली. त्यांनी सिदूआबाच्या मेंढरांचा वाडा कॅनॉलच्या पलीकडं पडलाय म्हणून सांगितलं. नवनाथचं काम याच भागात चालू होतं. आम्रपालीनं त्याला फोन केला. त्यानं खांबावरून उतरून दोन-तीन शेतकऱ्यांना विचारलं आणि परत फोन करून पक्कं ठिकाण दिलं. इतक्या दिवसांत नवरा-बायकोचं कामाच्या वेळी झालेलं ते पहिलंच बोलणं असेल.

ऊन कलायला लागलं तेव्हा त्या रानात पोचल्या. जाळी लावून केलेला वाडा, आत कोकरं, बाहेर घोड्यावरून उतरवलेलं सामान आणि चुलीशी बसलेली अंजू. पिठाच्या परातीवर दोन्ही हात ठेवून ती नुसती बसली होती. केसरबाईंना बघून हसली आणि उठायला गेली तर डोळ्यांपुढं अंधारी आली म्हणून परत बसली. ओठ पांढरे, पायावर सूज. बोलताना एका वाक्यात दोनदा थांबत होती.

बजरंग मेंढरं घेऊन लांब होता, त्याला हाक मारून आणलं. धिप्पाड, लाजाळू माणूस. त्याचा फोन चार्जिंग नसल्यानं दोन दिवस बंद होता. तो म्हणाला, की ती पहिल्यापासून अशीच थकते, आणि त्या दिवसानंतर मॅडम लोकांनी पुन्हा काही कळवलं नाही तेव्हा वाटलं, एवढं काही नसेल. अवघड असतं तर गाडी आली असती.

आम्रपालीला वाटलं होतं, तो अडवेल, मेंढरांचं काय म्हणून विचारेल, मग आपण समजावू. त्याचं हे वाक्य तिनं धरलं नव्हतं. ती जमिनीकडं बघत म्हणाली, "आमचंच चुकलं, दादा. आकडा चुकीचा वाचला. गाडी त्याच दिवशी यायला पायजे होती."

बजरंगनं बापाकडं पाहिलं. सिदूआबा वाड्याच्या कडेला घोंगडी पांघरून उभा होता. तो म्हणाला, "मेंढरं मी बगतो. तू जा." आणि अंजूला म्हणाला, "पोरी, पीठ राहू दे आता."

जीपमध्ये अंजूला मागच्या सीटवर आडवं केलं तर तिला श्वास लागला, म्हणून केसरबाईंनी तिला खांद्याला टेकवून बसवलं. ऋतुजा मॅडम बीडच्या जिल्हा रुग्णालयात आधीच कळवून पोचल्या होत्या. तिथं पुन्हा रक्त तपासलं. चार पूर्णांक शून्य. आठवड्याभरात आणखी थोडं उतरलं होतं. तिच्या गटाचं रक्त होतं. पण ते घाईनं देता येत नव्हतं. इतके दिवस कमी रक्तावर चाललेलं हृदय थकलेलं असतं, त्याच्यावर एकदम भार टाकायचा नसतो, म्हणून एक पिशवी अगदी सावकाश, मध्ये तपासणी, मग दुसरी. बजरंगनं स्वतःचं रक्त बदल्यात दिलं आणि सुई टोचताना तोंड फिरवलं.

बाहेरच्या बाकावर आम्रपाली आणि केसरबाई बसल्या. केसरबाईंनी बसल्या-बसल्या डोळे मिटले. थोड्या वेळानं मिटल्या डोळ्यांनीच विचारलं, "मंग आता मी चार कसा काढू?"

आम्रपालीनं पर्समधून पेन काढलं आणि केसपेपरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर एक चार काढला, शिंगं लांब ठेवून. केसरबाईंनी डोळे उघडून बघितला, मग त्याच्याखाली स्वतः काढला. शिंगं परत चिकटली. आणखी एकदा काढला. "हात तसाच जातो गं," त्या म्हणाल्या. आम्रपाली म्हणाली, की राहू दे मावशी, तुझा चार आम्हीच शिकू.

अंजूला बरेच दिवस ठेवून घेतलं. तिसऱ्या दिवशी तिला आम्रपाली भेटायला गेली तेव्हा ती उशीला टेकून बसली होती, ओठांवर किंचित रंग होता. अंजू म्हणाली, "ताई, मला वाटायचं समद्याच बायकांना असंच व्हतं. उठलं की अंधारी." एवढंच. मग तिनं विचारलं, इथून गेल्यावर मेंढरांबरोबर चालायला चालेल का. मॅडमनी नाही म्हणून सांगितलं होतं. ती बाळंतपण होईपर्यंत केसरबाईंच्या गावी, मावससासूकडं राहिली. माघात मुलगी झाली. वजन कमी होतं पण रडली मोठ्यानं, असं केसरबाईंनी फोनवर कळवलं.

इकडं कार्यालयात वेगळंच काम सुरू झालं. सत्यमनं बदल केले. मॉडेलनं आकडा आधी कागदावर जसा आहे तसा, मराठी तर मराठीत, उतरवायचा आणि मगच इंग्रजीत करायचा. शंका असेल तिथं अंदाज न बांधता प्रश्नचिन्ह टाकायचं. यानं चुका कमी झाल्या, संपल्या नाहीत. केसरबाईंचा चिकटलेला चार त्याला तरीही अधूनमधून आठच वाटायचा, आणि प्रश्नचिन्ह तर ते टाकायचंच नाही, कारण त्याला शंकाच नसायची. मग प्रत्येक आशाताईकडून शून्य ते नऊ आकडे एका कागदावर लिहून घेतले आणि तिचे फॉर्म वाचायच्या आधी तो नमुना मॉडेलला दाखवायला सुरुवात केली. शिबिराची तारीख आधीच माहीत असते, ती प्रत्येक गठ्ठ्यावर ताडून पाहायची. ज्या हाताची तारीख चुकीची वाचली जाते त्याचे सगळे फॉर्म माणसानं बघायचे. आणि ऋतुजा मॅडमनी फॉर्मच बदलून घेतला. रक्ताच्या आकड्यापुढं एक रिकामी रेघ आली, तिथं तोच आकडा अक्षरात लिहायचा. अंक आणि अक्षर जुळले नाहीत तर ओळ पिवळी.

अक्षरी लिहायला वेळ लागतो म्हणून आशाताई कुरकुरल्या. त्यांचं खोटं नव्हतं. रांगेत उन्हात बायका उभ्या असतात.

जुन्या फॉर्मचं काय, हा प्रश्न कुणी काढायच्या आधी आम्रपालीनंच काढला. मागच्या हंगामाचे हजारो फोटो पडून होते. पहिला आकडा आठ असलेले सगळे बाजूला काढले आणि ती एकेक उघडून बघायला लागली. सत्यमही बसायचा, पण त्याला बाकीचंही काम असायचं. रोजचे नवे फॉर्म संपले की उरलेल्या वेळात जुने. यशोधरा शाळेतून थेट कार्यालयात यायची आणि कोपऱ्यात अभ्यास करत बसायची. डोळ्यांच्या डॉक्टरनं आम्रपालीला नवा चष्मा दिला आणि दर थोड्या वेळानं लांब बघत जा म्हणून सांगितलं. खिडकीतून लांब म्हणजे बसस्टँड. ती बसस्टँड बघायची.

जुन्या फॉर्ममध्ये अशा दोघी सापडल्या. एकीचं गाव पाटोद्याजवळच होतं. आम्रपाली घरी गेली तर ती बाई नळावर पाणी भरत होती. उसावर असताना तिकडच्याच दवाखान्यात तिला रक्त चढवलं होतं, पोरगा वर्षाचा झाला होता. तिनं चहा दिला. दुसरीचं नाव दगडाबाई. तिचा नंबर सगळ्या तऱ्हांनी लावून पाहिला, आठाचे चार करून, चाराचे आठ करून. गावात चौकशी केली तर ते कुटुंब मागच्या साली उसावर गेलं ते परत आलं नाही, तिकडंच कुठं कारखान्याच्या कडेला राहिलं असं कळलं. कोण म्हणालं सोलापूरकडं, कोण म्हणालं कर्नाटकात.

दगडाबाईची ओळ आम्रपालीनं मिटवली नाही. "तपासलं" हे बटणही दाबलं नाही. सोमवारी सकाळी कुलूप काढलं, पाण्याची बाटली टेबलावर ठेवली की ती आधी तो नंबर लावते. फोन बंद आहे असं ऐकते. मग चष्मा पुसून त्या दिवसाचा पहिला फोटो उघडते.